नफा ७२ कोटी, हातात आले १७: वार्षिक अहवालाचं एक पान कसं लिहायचं

वाचकाचं पत्र

दादा, नमस्कार. चोपड्याला आमचं कृषी सेवा केंद्र आहे. दुकानाची उधारीची वही मीच सांभाळते. ठिबक आणि पाईप बनवणाऱ्या एका कंपनीचे माझ्याकडे ३०० शेअर आहेत. माझं बघून भिशीतल्या आणखी तिघींनी घेतले. आता कंपनीचा वार्षिक अहवाल मेलवर आलाय, २८० पानं, सगळा इंग्रजीत. चेअरमनचं पत्र वाचलं. विक्री २० टक्के वाढली, नफाही २० टक्के वाढला, सगळं छान दिसतंय. मैत्रिणी म्हणतात, तू वाच आणि आम्हाला एका पानात सांग. त्या पानावर आकडे कोणते घेऊ, धोके कोणते लिहू, आणि व्यवस्थापन जे म्हणतं त्यातलं किती धरू?

– एक वाचक, चोपडा

उत्तर

ताई, नमस्कार. तुम्ही सोबत पाठवलेला अहवाल मी वाचला. सदरात कंपनीचं नाव घेत नाही. ती ओळखू येऊ नये म्हणून आकडेही बदलून गोल केले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी नातं तसंच ठेवलंय. शेअर ठेवा की विका हे मी सांगणार नाही. तो सल्ला सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराकडूनच घ्यावा. पण तुमचं पान कसं तयार होईल, ते सविस्तर सांगतो.

चेअरमनच्या पत्रात आहेत ते आकडे खरे आहेत. अडचण अशी, की अहवालाच्या पुढच्या भागात कंपनी तिला दाखवायचे ते आकडे मांडते, आणि कायद्याने दाखवावेच लागणारे आकडे मागच्या भागात असतात. म्हणून वाचायला मागून सुरुवात करा. पीडीएफमध्ये शोधायची सोय असते. तिथे `Consolidated` टाका आणि एकत्रित ताळेबंद काढा. अहवालात हिशेबांचे दोन संच असतात. एक फक्त मूळ कंपनीचा, दुसरा तिच्या उपकंपन्या धरून एकत्रित. मूळ कंपनीने स्वतःच्याच उपकंपनीला विकलेला माल पहिल्या संचात विक्री म्हणून दिसतो. एकत्रित संचात तो वजा होतो. तुमच्या पानासाठी एकत्रित संच घ्या आणि शेवटपर्यंत त्यातच राहा. तक्त्याच्या वर उजव्या कोपऱ्यात आकडे लाखांत, कोटींत की मिलियनमध्ये आहेत ते लिहिलेलं असतं. १० मिलियन म्हणजे १ कोटी. कंसातला आकडा म्हणजे वजा. एवढं पाहिलं नाही तर पुढचं सगळं चुकतं.

पानावर सुरुवातीला चारच आकडे घ्या, या वर्षीचे आणि शेजारी गेल्या वर्षीचे. विक्री १,२०० कोटी, आधी १,००० कोटी. करानंतरचा नफा ७२ कोटी, आधी ६०. व्यवसायातून प्रत्यक्ष आलेली रोकड १७ कोटी, आधी ९०. एकूण कर्ज ३५० कोटी, आधी २८०. पहिले दोन आकडे चेअरमनच्या पत्रात मोठ्या अक्षरांत आहेत. तिसरा त्या पत्रात कुठेच नाही. तो रोख प्रवाह पत्रकात, म्हणजे कॅश फ्लोच्या पानावर आहे. माझ्या मते तुमच्या पानाचा कणा तोच आहे.

७२ कोटी नफ्याचे १७ कोटी कसे झाले, ते त्याच पत्रकात ओळीने लिहिलेलं असतं. ते करपूर्व नफ्यापासून सुरू होतं. इथे तो ९६ कोटी आहे. त्यात घसाऱ्याचे ४० कोटी परत मिळवतात, कारण घसारा हा खर्च असला तरी त्या वर्षी खिशातून पैसा जात नाही. व्याजाचे ३८ कोटीही मिळवतात, कारण व्याज खाली वेगळ्या गटात दाखवायचं असतं. झाले १७४ कोटी. गेल्या वर्षी याच टप्प्यावर १४५ होते. म्हणजे धंदा खरोखर वाढलाय, हे मान्य करायला हवं. त्यानंतर खेळत्या भांडवलाच्या तीन ओळी येतात. येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायचे राहिलेले पैसे, वाढली म्हणून वजा १३०. गोदामातला माल वाढला म्हणून वजा ३०. पुरवठादारांचं देणं वाढलं म्हणून अधिक २५. उरले ३९. त्यातून २२ कोटी आयकर भरला, राहिले १७.

म्हणजे सारी गोष्ट त्या १३० कोटींच्या ओळीत आहे. ती तुम्हाला समजवायची गरज नाही. मृगात शेतकऱ्याला बियाणं-खत दिलं की वहीत विक्री लागते, पण पैसा कापूस विकला गेला की येतो, आणि एखाद्याचा दोन-दोन वर्षं येत नाही. तुमच्या वहीत जे एका गावाच्या मापात आहे, तेच इथे कोटींत आहे.

आता १७ कोटी आले त्या वर्षात गेले किती ते बघा. यंत्रं आणि कारखान्यावर ३५ कोटी, व्याजाचे ३८, लाभांशाचे १२. बेरीज ८५. तूट ६८ कोटींची. आणि कर्ज वाढलंय ७० कोटींनी. आकडे एकमेकांना जुळले. तुमच्या खात्यावर लाभांश जमा झाला त्या वर्षी धंद्यातून आलेल्या रोकडीत व्याजसुद्धा निघत नव्हतं, हे मैत्रिणींना कळलं पाहिजे. पानावर ते साध्या वाक्यात लिहा, रंग चढवू नका. एका वर्षी रोकड कमी आली म्हणून कंपनी वाईट ठरत नाही. गेल्या वर्षी ६० कोटी नफ्यावर ९० कोटी रोकड आली होती, म्हणजे ही या कंपनीची सवय नाही. या वर्षी काहीतरी बदललं आहे. जमलं तर मागच्या पाच अहवालांतला नफा आणि ही रोकड यांची वेगवेगळी बेरीज करा. पाच वर्षांत दोन्ही बेरजा जवळपास असतील तर एका वर्षाच्या खड्ड्याची फार काळजी नाही. रोकड दरवर्षीच मागे राहत असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

काय बदललं, ते येण्यांच्या टिपणीत सापडतं. पीडीएफमध्ये `Trade receivables` शोधा. ताळेबंदावर येणी ४२० कोटी आहेत, आधी २९० होती. विक्री २० टक्क्यांनी वाढली आणि येणी ४५ टक्क्यांनी. दिवसांत मांडलं तर जास्त स्पष्ट होतं: येणी भागिले विक्री गुणिले ३६५. गेल्या वर्षी १०६ दिवस, या वर्षी १२८ दिवस. सरासरी बावीस दिवस उशिरा पैसा येतोय. मार्चअखेर ठिबकचा हंगाम भरात असतो, त्यामुळे ३१ मार्चला येणी फुगलेली दिसणारच. पण तुलना मार्चची मार्चशी आहे, म्हणून हंगामाचं कारण इथे पुरत नाही.

त्या टिपणीतच येण्यांच्या वयाचा तक्ता असतो. १ एप्रिल २०२१ पासून कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीप्रमाणे तो द्यावाच लागतो: मुदत न संपलेली येणी, सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन, आणि तीन वर्षांवरची. वादातली येणी वेगळ्या ओळीत. तुमच्या कंपनीत मुदत संपून वर्ष उलटलेली येणी १०५ कोटींची आहेत. गेल्या वर्षी ५८ होती. त्यातली ५० कोटींची तर दोन वर्षांहून जुनी. बुडीत धरून केलेली तरतूद आहे फक्त १५ कोटींची, आधी ११ होती. गेल्या वर्षी जुन्या १०० रुपयांमागे १९ रुपये बाजूला काढले होते, या वर्षी १४. उधारी जुनी होत गेली आणि तरतूद मात्र पातळ झाली. दोन वर्षांवरच्या ५० कोटींपैकी अर्धे जरी आले नाहीत, तरी बुडतील २५, तरतूद १५, आणि उरलेले १० कोटी पुढच्या कुठल्यातरी वर्षाच्या नफ्यातून जातील. करपूर्व नफा ९६ कोटी आहे. म्हणजे धक्का बसेल, पण कंपनी कोलमडणार नाही. धोका लिहिताना त्याचं असं माप द्यावं. ‘उधारी धोकादायक आहे’ एवढंच लिहिलं तर मैत्रिणी एकतर घाबरतील किंवा दुर्लक्ष करतील.

या तक्त्यात एक खाच आहे. वय मोजतात ते पैसे देण्याची मुदत संपल्यापासून, बिलाच्या तारखेपासून नाही. कंपनीने डीलरांची मुदत ६० दिवसांवरून १२० केली, तर जुनं बिल ‘मुदत न संपलेलं’ या रकान्यात जाऊन बसतं आणि तक्ता तरुण दिसतो. म्हणून तक्त्यावर एकट्यावर विसंबू नका. आपण काढलेले १२८ दिवस शेजारी ठेवा. दिवस वाढतायत आणि तक्ता मात्र छान दिसतोय, असं असेल तर मुदत वाढवली असण्याची शक्यता धरा.

आता व्यवस्थापनाचं म्हणणं. सेबीच्या नियमांप्रमाणे शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपनीच्या अहवालात व्यवस्थापन चर्चा आणि विश्लेषण हे प्रकरण असावंच लागतं. `Management Discussion and Analysis` असं शोधा. त्यात उद्योगाची स्थिती, संधी आणि धोके, विभागवार कामगिरी, पुढचा अंदाज, जोखीम, अंतर्गत नियंत्रण आणि आर्थिक कामगिरीची चर्चा हे विषय ठरलेले आहेत. तुमच्या अहवालात हे प्रकरण वीस पानांचं आहे. त्यातली पहिली आठ पानं देशाची अर्थव्यवस्था, पाऊसमान आणि सिंचन योजनांवर गेली आहेत. ती सोडून द्या. तुमच्या पानावर त्यातली एक ओळही नको, कारण ती कुठल्याही ठिबक कंपनीच्या अहवालात चालली असती.

उरलेल्या पानांसाठी गेल्या वर्षीचा अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा बीएसईच्या साइटवरून उतरवून घ्या आणि तेच प्रकरण शेजारी उघडा. माझ्या अनुभवात लहान गुंतवणूकदाराला सगळ्यात जास्त हाती लागतं ते इथे. गेल्या वर्षी यांनी लिहिलं होतं, की सरकारी प्रकल्पांचं काम कमी करून डीलरमार्फत रोखीची विक्री वाढवू आणि उधारीचे दिवस ९० च्या आत आणू. या वर्षी ते वाक्य गायब आहे. उद्दिष्ट गाठलं असंही नाही, हुकलं असंही नाही. त्या जागी एकच वाक्य आहे: वाढीला पाठबळ देण्यासाठी खेळत्या भांडवलाचा सुयोग्य वापर केला. विभागवार आकडे पाहिले तर सरकारी प्रकल्पांचा वाटा कमी न होता वाढलेला आहे. व्यवस्थापनाने मुद्दाम लपवलं असा आरोप मी करत नाही. धोरण बदलायला सबळ कारणही असू शकतं. पण बदललं हे सांगायला हवं होतं, आणि ते सांगितलं नाही, एवढं तुमच्या पानावर यायलाच हवं.

याच प्रकरणात मुख्य आर्थिक गुणोत्तरं असतात आणि एखादं २५ टक्के किंवा त्याहून जास्त बदललं तर त्याचं कारण द्यावं लागतं. मग उधारीचं कारण का दिलं नाही? कारण येण्यांच्या उलाढालीचं गुणोत्तर काढताना वर्षाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या येण्यांची सरासरी घेतात. सरासरी ३५५ कोटी, विक्री १,२००, गुणोत्तर ३.३८. गेल्या वर्षी ३.६४ होतं. फरक फक्त ७ टक्क्यांचा. वर्षाच्या शेवटी झालेली मोठी उडी सरासरीत अर्धी विरघळते. नियम पाळलेला आहे, खुलासा मात्र मिळालेला नाही. म्हणून २५ टक्क्यांचा नियम हा आपल्या तपासणीचा उंबरठा समजू नका.

धोक्यांच्या भागात अहवालाने अकरा धोके दिले आहेत: स्पर्धा, कच्चा माल, परकीय चलन, हवामान, सायबर सुरक्षा वगैरे. अकराही उतरवले तर पान भरेल आणि कळणार काहीच नाही. माझी कसोटी अशी, की ज्या धोक्याला मागच्या टिपण्यांत आकडा सापडतो तोच ठेवायचा. `Financial risk management` नावाची टिपणी काढा. तिथे लिहिलंय, की व्याजदर १ टक्क्याने वाढला तर करपूर्व नफा साडेतीन कोटींनी घटेल. ३५० कोटी कर्जाच्या एक टक्का, हिशेब बरोबर. हा धोका लहान आहे. एका ओळीत संपवा. कच्च्या मालाचा धोका मोठा आहे. पाईपसाठी लागणाऱ्या पीव्हीसी रेझिनचा मोठा हिस्सा आपल्याकडे आयात होतो आणि त्याचा भाव जागतिक बाजारावर वरखाली होतो. भाव उतरला की गोदामातला २४० कोटींचा माल महाग पडतो. हेही एका ओळीत लिहा.

तिसरा धोका म्हणजे येणी, आणि त्याला सर्वांत जास्त जागा द्या. त्याचं कारण समजून घेतलं पाहिजे. ठिबकच्या अनुदानात ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेखाली अल्प आणि अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के मदत धरलेली आहे. आपल्याकडे महाडीबीटीवरून ती शेतकऱ्याच्या खात्यात येते, पण काही राज्यांत आणि मोठ्या प्रकल्पांत कंपनीला सरकारी यंत्रणेकडून पैसे घ्यावे लागतात. सरकार बहुधा बुडवत नाही, उशिरा देतं. पण उशिराचं व्याज कंपनी भरते. व्याजाचा खर्च २९ वरून ३८ कोटी झाला तो असा. म्हणून येण्यांत सरकारकडचं किती आणि डीलरांकडचं किती, हे वेगळं कळणं महत्त्वाचं. सरकारी उधारी व्याज खाते, डीलरची जुनी उधारी मुद्दलच खाऊ शकते. तुमच्या अहवालात ही फोड दिलेली नाही. एकाच ग्राहकाकडून विक्रीच्या १० टक्के किंवा जास्त येत असेल तर ते विभागवार माहितीच्या टिपणीत सांगावं लागतं. तिथे एका राज्य सरकारी संस्थेचा उल्लेख आहे, तेवढा धागा मिळतो.

ऑडिटरचा अहवाल चार-पाच पानांचाच असतो, तो टाळू नका. सुरुवातीचं मत ‘सशर्त’ असेल, म्हणजे इंग्रजीत `Qualified`, तर ते तुमच्या पानाच्या पहिल्या ओळीवर आलं पाहिजे. इथे मत स्वच्छ आहे. त्याखाली `Key Audit Matters` मध्ये ऑडिटरने येण्यांची वसुली हा विषय घेतलाय. याचा अर्थ त्यांना घोळ सापडला असा नाही. तपासणीत सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागलं ते हे, एवढाच. तरी आपण ज्या ओळीवर थांबलो त्याच ओळीवर ऑडिटरही थांबले, हे लिहिण्यासारखं आहे.

मूळ कंपनीच्या स्वतंत्र हिशेबावरच्या ऑडिट अहवालाला एक परिशिष्ट जोडलेलं असतं, कारो २०२० या आदेशाप्रमाणे. त्यात एक कलम असं आहे, की बँकांकडून चालू मालमत्तेच्या तारणावर ५ कोटींहून जास्त खेळतं भांडवल मंजूर असेल तर बँकेला दिलेली तिमाही विवरणं आणि कंपनीची पुस्तकं जुळतात का, हे ऑडिटरने सांगायचं. तुमच्या कंपनीत एका तिमाहीत बँकेला दाखवलेली येणी पुस्तकांपेक्षा १२ कोटींनी जास्त आहेत. कंपनीचं म्हणणं, तिमाही संपल्यावर काही नोंदी बदलल्या. असे छोटे फरक बऱ्याच अहवालांत दिसतात. चारही तिमाह्यांत फरक असता आणि दरवेळी बँकेला जास्तच दाखवलं असतं, तर मी हे पानाच्या वरच्या भागात घ्यायला सांगितलं असतं. एका तिमाहीसाठी शेवटची ओळ पुरे.

संभाव्य देण्यांत कराचे वाद ४६ कोटींचे आहेत. कंपनीचं नक्त मूल्य, म्हणजे मालमत्तेतून सगळी देणी वजा जाता उरणारी रक्कम, ६१० कोटी आहे, त्या मानाने ते झेपण्यासारखे आहेत. प्रवर्तक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांच्या इतर कंपन्या अशा संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारात वावगं काही दिसलं नाही.

आता तुमचं पान. मी असं लिहीन:

*एकत्रित हिशेब, आकडे कोटी रुपयांत, कंसात गेलं वर्ष. विक्री १,२०० (१,०००), नफा ७२ (६०), व्यवसायातून आलेली रोकड १७ (९०), कर्ज ३५० (२८०).*

*धंदा वाढला आणि नफ्याचं प्रमाण टिकलं. पण वाढलेली विक्री बऱ्याच अंशी उधारीवर झाली. येणी २९० वरून ४२० झाली. पैसा यायला आधी सरासरी १०६ दिवस लागत, आता १२८. कारखाना, व्याज आणि लाभांश यांवर ८५ गेले, रोकड आली १७. बाकीचं कर्जातून भागवलं.*

*मुख्य धोका: मुदत संपून वर्ष उलटलेली येणी १०५ (५८), त्यावर तरतूद फक्त १५. दोन वर्षांवरची अर्धी बुडाली तर सुमारे १० चा फटका. यात सरकारकडचं किती आणि डीलरांकडचं किती, ते अहवालात नाही. इतर धोके: रेझिनचे भाव, व्याजदर १ टक्का वाढल्यास साडेतीनचा परिणाम.*

*व्यवस्थापन काय म्हणतं: वाढ चांगली, पुढची मागणी चांगली. गेल्या वर्षी उधारी ९० दिवसांच्या आत आणू म्हणाले होते. या वर्षी त्याचा उल्लेख नाही आणि सरकारी कामाचा वाटा वाढला आहे.*

*ऑडिटरचं मत स्वच्छ. येण्यांच्या वसुलीवर विशेष लक्ष दिल्याची नोंद. बँकेला दिलेल्या एका तिमाही विवरणात १२ चा फरक.*

बघा, यात ‘उत्तम’, ‘घोर’, ‘भक्कम’ असं काही नाही. प्रत्येक वाक्यामागे अहवालातलं पान आहे. मुद्द्यापुढे तो पान क्रमांकही लिहून ठेवा, म्हणजे कुणी विचारलं तर दोन मिनिटांत दाखवता येईल. कंपनीचं म्हणणं आणि तुमचा हिशेब एकाच वाक्यात मिसळू नका. १२८ दिवस हा आकडा तुम्ही काढलाय, कंपनीने दिलेला नाही, तसं लिहा.

पानावर एक प्रश्न उघडा राहतो, सरकार किती आणि डीलर किती. तो विचारायचा हक्क तुमच्या ३०० शेअरना आहे. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा साधारणपणे ३० सप्टेंबरच्या आत होते आणि नोटीस किमान २१ दिवस आधी येते. तुमच्या अहवालातच ती नोटीस आहे. सभा व्हिडिओवर असेल तर बोलण्यासाठी नाव कधीपर्यंत नोंदवायचं आणि प्रश्न कोणत्या ईमेलवर पाठवायचा, हे त्यात लिहिलेलं असतं. प्रश्न मराठीत सुचला तरी हरकत नाही, कुणाकडून इंग्रजी करून घ्या, पण तो असा नेमका ठेवा: ३१ मार्चच्या ४२० कोटी येण्यांपैकी सरकारी यंत्रणांकडचे किती, आणि त्यातले आजपर्यंत वसूल किती झाले? ‘उधारी का वाढली’ असं विचारलं तर उत्तर गोल येईल. रक्कम आणि तारीख विचारली की आकडा द्यावा लागतो, किंवा आकडा देत नाहीत हे सभेत सगळ्यांना दिसतं.

उत्तर मिळो न मिळो, नोव्हेंबरमध्ये पुन्हा एकदा बघा. जूनच्या तिमाही निकालात ताळेबंद नसतो, पण सप्टेंबरच्या निकालासोबत ताळेबंद आणि रोख प्रवाह पत्रक दोन्ही द्यावी लागतात आणि तो निकाल १४ नोव्हेंबरपर्यंत येतो. येण्यांची ओळ आणि रोकडीची ओळ, दोनच बघायच्या आहेत. तुलना मार्चशी करू नका, गेल्या सप्टेंबरशी करा. येणी गेल्या सप्टेंबरच्या आसपास आली असतील आणि रोकड अधिक चिन्हात असेल, तर मार्चचा फुगवटा सरकारी बिलं अडकल्याचा होता असं मानायला जागा आहे. नसेल, तर त्या पानाखाली तारीख टाकून दोन ओळी वाढवा आणि भिशीच्या दिवशी चौघींनी मिळून वाचा.